यकृताचा टप्पा कसा ओळखायचा आणि दारू सुरक्षितपणे कशी थांबवायची

रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "डॉक्टर, लिव्हर किती खराब झालंय?" प्रश्न रास्त आहे. पण दारू चालू असताना त्याचं नेमकं उत्तर मिळत नाही. दारूमुळे यकृताला सूज असते आणि त्या सुजेमुळे तपासणीतले आकडे फुगतात. म्हणून दारू थांबवणं हा उपचार तर आहेच, पण आजार कोणत्या टप्प्यात आहे हे कळायलाही ती थांबवावी लागते.

पहिली पायरी: किती पितो ते ग्रॅममध्ये मोजा

"दोन-तीन पेग" असं सांगू नका, मिलीलीटरमध्ये मोजा. मिलीलीटर गुणिले बाटलीवरची टक्केवारी, भागिले 100, आणि येणाऱ्या आकड्याला 0.8 ने गुणायचं. कुणी रोज 40 टक्क्यांची 240 मिलीलीटर दारू पीत असेल, तर ते सुमारे 77 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं. बिअरही याच हिशोबात धरायची. बिअरने यकृत बिघडत नाही ही समजूत चुकीची आहे, कारण यकृताला फक्त अल्कोहोल कळतं. स्त्रियांमध्ये तर कमी दारूनेही आणि लवकर नुकसान होतं.

दुसरी पायरी: टप्पे समजून घ्या

यकृतात दारूचं विघटन होताना अॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. मग चरबी पेशींत साठते. हे झालं फॅटी लिव्हर. रोज भरपूर पिणाऱ्या जवळपास सगळ्यांना ते होतं आणि बहुधा काहीही त्रास जाणवत नाही. दारू पूर्ण थांबवली तर ही चरबी साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरते.

पुढे काहींच्या यकृताला सूज येते. सूज टिकून राहिली की तिथे व्रणासारखे कडक तंतू तयार होऊ लागतात. हे तंतू यकृतभर पसरून त्याच्या गाठीगाठी झाल्या की त्याला सिरोसिस म्हणतात. सिरोसिस झाल्यावरही माणूस बराच काळ ठणठणीत दिसू शकतो. पण पोटात पाणी होणं, कावीळ, रक्ताची उलटी किंवा बोलण्यात भ्रम यांपैकी काही सुरू झालं, तर यकृत आता काम सावरू शकत नाही असं समजायचं.

हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकामागून एकच येतात असं नाही. एकाच यकृतात चरबी, सूज आणि तंतू एकत्र असू शकतात. त्यातलं चरबी आणि सूज किती आणि कायमचे तंतू किती, हे दारू थांबल्यावरच वेगळं दिसतं.

तिसरी पायरी: दारू थांबवा, पण आधी एक गोष्ट तपासा

सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? पिण्याला उशीर झाला तर घाम येतो, जीव घाबरा होतो का? पूर्वी दारू सोडताना कधी फिट आली होती का, भास झाले होते का? यातलं एकही "हो" असेल, तर घरच्या घरी एकदम दारू बंद करू नका. लगेच डॉक्टरांना गाठा आणि त्यांनी योजना ठरवून देईपर्यंत अचानक तोडू नका. शरीराला सवय लागलेली असेल, तर शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं.

दवाखान्यात हे काही दिवस औषधांनी सांभाळता येतात. यकृत बरंच बिघडलेलं असेल, तर डॉक्टर बहुधा लोराझेपामसारखं शरीरात कमी रेंगाळणारं औषध निवडतात. सोबत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, द्यावंच लागतं. ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोप येत नाही म्हणून घरात पडलेली झोपेची गोळी मात्र घेऊ नका, कारण यकृत थकलेलं असेल तर तिच्याने माणूस गुंगीत जाऊ शकतो.

"दारू सोडली आणि कावीळ झाली" असं ऐकून पुष्कळ जण घाबरून पुन्हा पितात, तेव्हा फार वाईट वाटतं. यकृताची तीव्र सूज दारू थांबल्यावर काही आठवड्यांतही उघड होऊ शकते. ती आधीच्या पिण्यामुळे असते, सोडण्यामुळे नाही. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा तीव्र सुजेत काही निवडक रुग्णांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात आणि सात दिवसांनी गुण येतोय का ते तपासतात. पण त्याचा फायदा पहिल्या महिन्यापुरताच दिसतो. त्यानंतर माणूस किती जगेल हे मुख्यतः तो पुन्हा पितो की नाही यावर ठरतं.

चौथी पायरी: काही आठवड्यांनी पुन्हा मोजा

एक काल्पनिक, पण दवाखान्यात नेहमी दिसणाऱ्या धाटणीचं उदाहरण घेऊ. 46 वर्षांचा माणूस, रोज वर मोजली तेवढीच दारू. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमांपैकी एसजीओटी 148, एसजीपीटी 61, जीजीटी 320; प्लेटलेट 1 लाख 20 हजार, आणि यकृत किती कडक झालंय ते मोजणारं फायब्रोस्कॅन 19 किलोपास्कल. एसजीपीटी थोडंच वाढलेलं पाहून घरचे निश्चिंत होतात, पण एसजीओटी त्याच्या दुपटीहून जास्त असणं ही दारूच्या आजाराची ओळखीची खूण आहे. फायब्रोस्कॅनवर 19 म्हणजे सिरोसिसचा संशय, आणि कमी प्लेटलेटमुळे तो बळावतो.

दारू बंद करून सहा आठवडे झाले. एसजीओटी 41, जीजीटी 95, प्लेटलेट 1 लाख 90 हजार, फायब्रोस्कॅन 10.8. म्हणजे पहिल्या आकड्यांत सुजेचा वाटा मोठा होता. प्लेटलेटही दारूने दाबल्या गेल्या होत्या. तंतू आहेत, पण सिरोसिसचा शिक्का मारण्यासारखं चित्र राहिलं नाही. असे तंतू पुढच्या महिन्या-वर्षांत आणखी कमी होऊ शकतात. फायब्रोस्कॅन 18 वरच अडकलं असतं आणि प्लेटलेटही वाढल्या नसत्या, तर सिरोसिस धरून चालावं लागलं असतं. मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. तेव्हाही दारू बंद ठेवणाऱ्याचं आयुष्य वाढतं. कधी कधी पोटातलं पाणीही आटतं.

पाचवी पायरी: बंद ठेवण्यासाठी मदत घ्या

नुसत्या निर्धारावर विसंबू नका. समुपदेशन आणि ओढ कमी करणारी औषधं दोन्ही उपलब्ध आहेत. सिरोसिसमध्ये बॅक्लोफेन वापरतात, पण भ्रमाचा त्रास असेल तर ते टाळतात. अॅकॅम्प्रोसेट मूत्रपिंडावाटे बाहेर जातं, म्हणून आधी मूत्रपिंडाची तपासणी लागते. दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं डायसल्फिराम मात्र यकृतालाच इजा करू शकतं. ते घरच्यांनी न सांगता जेवणात मिसळणं तर फारच धोक्याचं आहे.

सिरोसिस असेल तर रात्री उपाशी झोपू नका आणि प्रथिनं कमी करू नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. पुन्हा एखाद दिवस प्यायली गेली तर पुढची तारीख चुकवू नका. डॉक्टरांना किती आणि कधी प्यायलो ते सांगा, म्हणजे वाढलेल्या आकड्यांचं कारण ते दुसरीकडे शोधत बसणार नाहीत.