मुका टीव्ही आणि काउंटरवरचे प्रश्न

‘चित्र आहे, पण आवाज नाही’ ही तक्रार टीव्ही दुरुस्ती शिकणाऱ्याने अगदी सुरुवातीला हाताळावी, असे माझे मत आहे. अशा तक्रारींपैकी पुष्कळांत टीव्ही मुळात बिघडलेलाच नसतो आणि नीट विचारले तर त्याला हात न लावता कारण सापडते. वेंगुर्ल्याच्या बाजारात वडिलांचे इलेक्ट्रिकचे दुकान आहे. तिथे काउंटरवर बसून मी हे काम शिकले. ग्राहक समोर उभा असतो, टीव्ही मात्र शिरोड्याला किंवा उभादांड्याला घरी असतो, त्यामुळे विचारण्याखेरीज दुसरे साधन हाताशी नसते.

गणपती उरकल्यावर शिरोड्याहून एक काका आले. ‘‘टीव्ही मुको झालो, बाय. चित्र दिसता, पण आवाज काय येणा नाय,’’ असे सांगून त्यांनी लगेच नव्या स्पीकरची किंमत विचारली. स्पीकर गेला आहे, हे त्यांनी वाटेत एसटीतच ठरवून टाकलेले होते. नवख्याने इथे सांभाळायला हवे, कारण ग्राहक पुष्कळदा आपले अनुमानच लक्षण म्हणून सांगतो. त्याच्याशी वाद घालू नये आणि ‘म्यूट तर केले नाही ना?’ असेही विचारू नये. त्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते, कारण ‘हो’ म्हणण्यात कमीपणा वाटतो. प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत सापडेल.

मी पहिल्यांदा विचारले, ‘‘काका, टीव्हीतले यूट्यूब लावले तर त्याचा आवाज येतो का?’’ ते म्हणाले की नातवंडांची गाणी लावून पाहिली, तीसुद्धा मुकीच. या एका उत्तराने निम्मे काम झाले. सेट-टॉप बॉक्सचा आवाज बॉक्समधून एचडीएमआय केबलने टीव्हीत येतो आणि मग टीव्हीच्या आतून स्पीकरकडे जातो. यूट्यूब टीव्हीच्या आतच चालते, त्याला बॉक्स आणि केबल लागत नाही. तेही मुके असेल, तर बॉक्स, केबल आणि चॅनेल यांच्यावरचा संशय एकाच वेळी दूर होतो. टीव्ही साधा असेल, तर हीच परीक्षा पेन ड्राइव्हवरचे गाणे लावून करता येते.

यूट्यूबला आवाज असता, तर मी बॉक्सकडे वळले असते आणि आवाज सगळ्याच चॅनेलवर गेला आहे की फक्त एचडी चॅनेलवर, हे विचारले असते. फक्त एचडी चॅनेल मुके असतील, तर बॉक्स डॉल्बी स्वरूपात आवाज पाठवत असून टीव्हीला तो उलगडता येत नाही, असा दाट संशय घ्यावा. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये `PCM` किंवा `Stereo` निवडले की तिथे आवाज परत येतो. आमच्याकडे अशी प्रकरणे पुष्कळ येतात आणि त्यांत एकही सुटा भाग विकला जात नाही. बाबांना याचे वाईट वाटते की नाही, ते मी कधी विचारलेले नाही.

काकांना माझा पुढचा प्रश्न होता, ‘‘रिमोटवर आवाज वाढवायचे बटण दाबले की पडद्यावर काय दिसते?’’ सगळ्यांत जास्त धीर इथे लागतो. ‘‘काही दिसत नाही,’’ असे ते प्रथम म्हणाले. मी थांबले, आणि पूर्वी काय दिसत असे, ते विचारले. तेव्हा त्यांना आठवले की पूर्वी एक पट्टी येत असे आणि तिच्यासोबत आकडा वाढत असे, आता मात्र एक लहानसे चित्र आणि इंग्रजीतली एक ओळ येऊन जाते. पट्टी येऊन आकडा वाढत असता आणि तरीही शांतताच असती, तर संशय टीव्हीच्या आतल्या भागांवर गेला असता. पट्टीच येत नाही, याचा अर्थ बहुतेक टीव्हींमध्ये असा होतो की आवाज बाहेरच्या एखाद्या यंत्राकडे वळवलेला आहे आणि तो कमीजास्त करणे टीव्हीने सोडून दिले आहे.

मग मी विचारले, ‘‘आवाज शेवटचा कधी ऐकलात, आणि त्यानंतर घरात काय बदलले?’’ गणपतीला मुंबईहून मुलगा आला होता. आरत्या आणि भजने मोठ्याने लागावीत म्हणून त्याने साउंडबार आणून टीव्हीला जोडला आणि परत जाताना तो सोबत नेला. वायर कशी होती, असे विचारल्यावर काका म्हणाले की बारीक होती, टोकाला प्लास्टिकची इवलीशी टोपी होती, आणि ती काढली की आत लाल उजेड दिसत असे.

ही ऑप्टिकल केबल. तिच्यातून आवाज प्रकाशाच्या रूपाने एकाच दिशेने जातो, पलीकडून टीव्हीकडे काहीही परत येत नाही. खाडीच्या या काठावरून हाका मारत राहावे आणि पलीकडे कोणी आहे की नाही हे कळू नये, तशी टीव्हीची स्थिती असते. त्यामुळे साउंडबार मुंबईला गेला तरी टीव्ही त्याच्याचकडे आवाज पाठवत राहतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. मागच्या चौकोनी छिद्रात लाल उजेड दिसला म्हणजे आवाज तिकडेच वळवलेला आहे, असे समजू नये, कारण काही टीव्हींमध्ये तो उजेड नेहमीच चालू असतो. निर्णय सेटिंग पाहूनच करावा.

काकांनी घरी फोन लावला. काकूंना इंग्रजी वाचायची सवय नव्हती, म्हणून शेजारची शाळकरी मुलगी आली. तिला मी एकेका पायरीवर थांबवून पडद्यावरचे शब्द मोठ्याने वाचायला लावले. `Settings` मध्ये `Sound`, त्यात `Sound Output`, आणि तिथे `Optical` निवडलेले. ही नावे कंपनीगणिक थोडी बदलतात, त्यामुळे समोरच्याला वाचायला लावणेच बरे. तिने `TV Speaker` निवडले आणि फोनमधून बातम्या इतक्या जोरात ऐकू आल्या की काकांनी मोबाइल कानापासून दूर धरला.

पट्टीचा आकडा वाढला असता, तर पुढचा प्रश्न इयरफोनचा असता. इयरफोनमध्ये आवाज आहे आणि स्पीकरमध्ये नाही, असे असेल तर आपल्या किनाऱ्यावर मी आधी इयरफोनच्या जॅकवर संशय घेते. बऱ्याच टीव्हींच्या जॅकमध्ये, पिन आत गेली की स्पीकर बंद करणारी एक पत्ती असते. खाऱ्या, दमट हवेने ती गंजली, तर पिन नसतानाही टीव्हीला ती असल्यासारखे वाटते. पिन काही वेळा आत-बाहेर केल्यावर आवाज क्षणभर येऊन गेला, तर संशय बळावतो. तसे झाले नाही, तर स्पीकर किंवा अॅम्प्लिफायर उघडून पाहावा लागतो आणि तिथे प्रश्नांची हद्द संपते. मागचे झाकण ग्राहकाला फोनवरून कधीही उघडायला सांगू नये, कारण प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा धोकादायक दाब काही काळ शिल्लक राहू शकतो.

काकांना निघताना एक चिठ्ठी लिहून दिली. मुलगा शिमग्याला साउंडबार घेऊन आला, तर तो एचडीएमआय केबलने, टीव्हीच्या `ARC` लिहिलेल्या सॉकेटमध्ये जोडावा. त्या जोडणीत दोन्ही यंत्रे एकमेकांना ओळखतात आणि साउंडबार काढल्यावर बहुतेक टीव्ही आपणहून स्वतःच्या स्पीकरवर परत येतात. ऑप्टिकलच वापरायची असेल, तर जाण्यापूर्वी मुलाने `TV Speaker` निवडून ठेवावे.