श्रावणात भाडं कमी करून मागताना

श्रावणात आमच्या गिरगावातल्या मालवणी खानावळीचा गल्ला निम्म्यावर येतो. 'धंदा मंदा आहे, भाडं कमी करा' एवढंच लिहिलं की घरमालक गप्प बसतात. आकडा आणि सवलत कधी संपणार ते, दोन्ही लिहिलं, तेव्हा आमच्या घरमालक काकांनी त्याच आठवड्यात होकार दिला.

पत्राचा गाभा असा होता:

"काका, जूनमध्ये रोजचा गल्ला १८,००० होता, आता ९,००० आहे, बिलिंगचा गोषवारा जोडलाय. ऑगस्ट आणि सप्टेंबरचं भाडं दरमहा ८०,००० ऐवजी ६०,००० घ्यावं. राहिलेल्या ४०,००० पैकी निम्मे सोडावेत, निम्मे मी नोव्हेंबरपासून चार महिने ५,००० जादा देऊन फेडेन. ऑक्टोबरपासून भाडं पूर्ववत."

फेडीची ओळ गाळू नका, काकांचं मन तिनेच वळलं. पत्र गल्ला उतरताच, भाडं थकायच्या आधी, हातात द्या. थकल्यावर दिलेलं पत्र सबबीसारखं वाटतं.

होकार मिळाला की त्याच पत्राखाली 'मान्य' लिहून तारखेसह सही घ्या. सही होईपर्यंत भाडं पूर्णच भरा. तोंडी होकारावर रक्कम कापली, तर ती थकबाकी धरून डिपॉझिटमधून वळती होऊ शकते.