परत आलेलं क्रीमचं पार्सल

जर्मनीतल्या बहिणीला पाठवलेलं पार्सल कस्टम्समधून परत आलं. मी डिक्लेरेशनवर नुसतं 'गिफ्ट, क्रीम' लिहिलं होतं. डागांच्या क्रीमच्या डबीवरचे घटक वाचले, तर त्यात हायड्रोक्विनोन हे त्वचा उजळवणारं रसायन निघालं. युरोपियन युनियनमध्ये त्वचेच्या सौंदर्यप्रसाधनांत ते चालत नाही, भेट म्हणून पाठवलं तरी. ते क्रीम काढलं आणि प्रत्येक वस्तूचं नाव, नग, वजन, खरी किंमत लिहिली. किंमत मुद्दाम कमी दाखवू नका, माल अडकतो.

खर्च मात्र खोक्याच्या आकाराने वाढवला होता. आकारावरून निघणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल, तर कुरिअर त्याचेच पैसे घेतं. ३०×२५×२० सेंमी भागिले ५०००, म्हणजे कुरिअरच्या हिशेबात ३ किलो. खरं वजन सव्वा किलो! २०×१५×१० च्या खोक्यात सगळं घट्ट बसवलं, तेव्हा खऱ्या वजनाचेच पैसे लागले. यावेळी पार्सल पोचलं.