इंटिमेट वॉश सोडायचाय? मधले तीन आठवडे कसे काढायचे ते वाचा

स्त्रीरोग ओपीडीत सिस्टर म्हणून मला १६ वर्षं झाली. अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय म्हणून बाई आली की केसपेपर करता करता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, तिथे धुवायला काय वापरता?" मग हळूच एकेक बाहेर येतं. सेंटवाला वॉश, तांब्यात टोपणभर अँटिसेप्टिक, तुरटीचं पाणी, साबणाचं बोट आत फिरवणं, आणि आता घरोघरी जेट स्प्रे आलाय तर त्याचा फवारा सरळ आत. डूशिंग हा शब्द आपल्याकडे कोणी वापरत नाही, पण आतून धुणं म्हणजे तेच. आणि बहुतेकींना वाटतं आपण स्वच्छता ठेवतो तरी वास येतो. बरेचदा वास धुण्यामुळेच टिकून असतो, आणि हे मी नुसतं पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

आधी दोन जागा वेगळ्या करा, कारण निम्मा घोळ इथेच होतो. बाहेरची जागा म्हणजे जिथे केस येतात ती आणि तिच्या आतल्या पाकळ्यांसारख्या घड्या. ही त्वचा आहे, इथे घाम येतो, मळ साचतो, ही धुवायची. त्याच्या पलीकडे योनीमार्ग सुरू होतो. तिथे पाणीसुद्धा घालायचं नाही. रोज थोडा पांढरट स्राव येतो तो घाण नाही, ती जागा स्वतःला साफ करतेय त्याचाच तो भाग आहे.

आत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू राहतात, दह्यातल्या जंतूंचे नातेवाईक म्हणा. योनीच्या अस्तरात साखरेचा साठा असतो, त्याच्यापासून हे लॅक्टिक अ‍ॅसिड करतात आणि पाळी चालू असलेल्या वयात तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका आंबट ठेवतात. त्या आंबटपणात बाकीच्या जंतूंना वाढता येत नाही. काळ्या निकरवर मधोमध फिकट तांबूस पट्टा पडलेला बघितलाय ना? कितीतरी पोरी तो डाग बघून घाबरतात, तर तो रंग या आंबटपणानेच उडालेला असतो. म्हणजे आतलं काम व्यवस्थित चाललंय. पीएचचा आकडा जितका वर तितका आंबटपणा कमी, आणि साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो. तो आत गेला, किंवा नुसत्या पाण्याच्या जोराने हे जंतू वाहून गेले, की रान मोकळं होतं आणि गार्डनेरेलासारखे दुसरे जंतू पसरतात. याला डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, थोडक्यात बीव्ही. त्याचा वास मासळीसारखा येतो. मग बाई काय करते, अजून धुते. (बीव्ही फक्त धुण्यानेच होतं असं नाही, कधीच आतून न धुणाऱ्या बायकांनाही होतं, पण धुणं थांबवणं आपल्या हातात आहे.)

"पण सिस्टर, माझ्या बाटलीवर पीएच ३.५ लिहिलंय." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. आंबटपणा बाटलीतून येत नाही, जंतूंकडून येतो. अ‍ॅसिड ओतलं तर ते थोड्या वेळात वाहून जातं, जंतू असतील तर ते दिवसभर तयार होत राहतं. आणि त्या बाटलीत फेस येण्यासाठी घातलेलं असतं ते, सुवास आणि टिकण्यासाठीची द्रव्यं यांचं काय? तिथली कातडी पातळ असते, सुवासानेच कितीजणींना खाज आणि आग सुरू होते, मग ती खाज म्हणजे इन्फेक्शन समजून वॉश दिवसातून दोनदा. बाटली मागे फिरवा आणि बारीक अक्षरात परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स शोधा. असेल तर माझ्या मते ती बाटली हात धुवायला वापरा. सुवासिक पॅड, सुवासिक लायनर, खालचे स्प्रे यांनाही हेच. आणि तुरटीचे "टाइट" करणारे जेल तर सरळ कचऱ्यात, तुरटीने आतलं अस्तर कोरडं पडतं, बाकी काही घट्ट होत नाही.

धुवायचं कसं ते दोन मिनिटांचं काम आहे. अंघोळीच्या वेळी दिवसातून एकदा, कोमट पाणी, स्वतःची बोटं, पुढून मागे. घड्यांमध्ये पांढरट मळ साचतो तो बोटाने हलकेच पाण्याखाली निघतो, घासणी नको, स्क्रब नको. साबण लावायचाच असेल तर बिनवासाचा, तोही फक्त जांघेत आणि केसांच्या भागावर. मग टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. जेट स्प्रे वापरत असाल तर धार मागून पुढे मारू नका, संडासचं पाणी नेमकं पुढे येतं, आणि जोर कमी ठेवा.

आता खरी अडचण. वॉश बंद करा असं सगळे सांगतात, बंद केल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत काय होतं ते कोणी सांगत नाही, आणि बायका तिथेच परत बाटलीकडे वळतात. मीही वळले होते.

लग्नानंतर कोणीतरी गिफ्ट पॅकमध्ये फुलांच्या वासाचा वॉश दिला होता. छान वाटायचं, दिवसातून एकदाचं दोनदा झालं, मग उन्हाळ्यात ड्युटीवरून आल्यावर तिसऱ्यांदा. सहा महिन्यांत तो वास सुरू झाला. नर्स असून मी महिनाभर कोणाला बोलले नाही, उलट आतून धुवायला लागले. शेवटी आमच्याच मॅडमना दाखवलं, बीव्ही निघालं, सात दिवस गोळ्या घेतल्या, एकदम बरं वाटलं. आणि आठव्या दिवशी मी परत वॉश लावला, कारण डोक्यात हेच की आता स्वच्छ राहायचं. दीड महिन्यात वास परत. मॅडम म्हणाल्या, गोळ्या परत देते, पण ती बाटली इथे टेबलावर आणून ठेव.

दुसऱ्या कोर्सनंतर वॉश बंद केला. पहिले दोन दिवस ठीक. चौथ्या दिवशी ड्युटीवर मला वाटायला लागलं की सगळ्या वॉर्डला वास येतोय. सहाव्या दिवशी घरी आल्या आल्या साबणाने धुवून मोकळी झाले. म्हणजे सगळं पहिल्यापासून. चूक अशी होती की वास कुठून येतोय हे मी बघितलंच नव्हतं, वास आला की योनीचाच असं धरून चालले होते.

म्हणून पुढच्या वेळी मी एक वेडगळ वाटेल असं काम केलं, तुम्हीही करा. संध्याकाळी अंघोळीआधी कापसाचा एक बोळा जांघेत फिरवला आणि वास घेतला. मग निकरचा मधला भाग वेगळा हुंगला. जांघेतला बोळा घामट, उग्र होता, काखेसारखा. निकरवरचा वास नुसता आंबूस, ताकासारखा. म्हणजे मला जो वास छळत होता तो युनिफॉर्मच्या सिंथेटिक सलवारीतल्या बारा तासांच्या घामाचा होता, योनीचा नव्हताच. जांघेत काखेसारख्याच घामाच्या ग्रंथी असतात. त्यावर उपाय बाहेरचा आहे. सुती निकर घातली, दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक बदलायला पर्समध्ये ठेवली, रोजचं लायनर बंद केलं (ते ओल धरून ठेवतं), रात्री निकर न घालता सैल गाऊन. जांघेत साबण एकदाच. बाकी काही नाही.

तरी दुसऱ्या आठवड्यात स्राव बदलल्यासारखा वाटला आणि मी परत घाबरले. तेव्हा कॅलेंडर काढलं तर पाळीचा चौदावा दिवस. अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा, बोटांत धरला तर ताणला जाणारा स्राव त्या सुमारास येतोच, पाळी जवळ आली की तो दाटसर पांढरा होतो, कपड्यावर वाळला की पिवळसर दिसतो. वर्षानुवर्षं धुवून काढल्यामुळे माझा नॉर्मल स्राव कसा असतो हेच मला माहीत नव्हतं. तिसरा आठवडा संपेपर्यंत हुंगायची सवय आपोआप सुटली. तुम्हाला थोडे कमी-जास्त दिवस लागतील, पण या काळात "आज एकदाच धुते" हे अजिबात करू नका. तारीख, वास कुठे, स्राव कसा, इतकं मोबाईलमध्ये रोज एक ओळ लिहा, म्हणजे भीती कुठली आणि खरं काय ते कळतं.

आणि हे धीर धरणं साध्या घामट-आंबूस वासासाठी आहे, आजारासाठी नाही. मासळीसारखा वास, स्राव पातळ करडा, आणि संबंधांनंतर किंवा पाळीत वास जास्त, तर तो बीव्ही असण्याची शक्यता मोठी. वीर्य आणि रक्त दोन्ही आंबट नसतात, त्यामुळे तेव्हा तो वास उसळतो. उलट, दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं, भयंकर खाज, आणि वास जवळजवळ नाही, तर ते बहुधा बुरशीचं. दोन्हीची औषधं वेगळी. मेडिकलवाल्याकडून बुरशीची एक गोळी आणून बीव्हीवर खाल्ली की फायदा शून्य, आणि असं करून आलेल्या बायका मला आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात. बुरशी परत परत होत असेल तर शुगर तपासून घ्या. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, हिरवट स्राव आहे किंवा दिवस गेलेत, तर तीन आठवडे वगैरे विसरा आणि लगेच जा. पाळी गेलेल्या बायकांचं गणित वेगळं, त्यांच्यात इस्ट्रोजेन कमी झालं की आतला साखरेचा साठा घटतो आणि पीएच मुळातच वर जातो, कोरडेपणा येतो. त्यांना वॉशने फक्त आग वाढते, त्यांनी डॉक्टरांना कोरडेपणाबद्दल स्पष्ट सांगावं, त्यावर औषध आहे.

जाताना एक करू नका. तपासणीला जायचं म्हणून लाजेपोटी बायका घरून आतपर्यंत चकाचक धुवून येतात. डॉक्टर आतला स्राव बघतात, त्याचा पीएच कागदावर घेतात, काचेवर थेंब ठेवून वास तपासतात, आणि तुम्ही तोच धुवून आलेल्या असता. आदल्या दिवसापासून आत ना पाणी, ना क्रीम, ना संबंध. सकाळी नेहमीसारखी अंघोळ करा आणि तशाच या, आम्हाला याची सवय आहे.