रोज नवी कार्डं किती? उजळणीचं उलटं गणित

बारावीनंतर ड्रॉप घेऊन सीईटीला बसणाऱ्यांना १-३-७-१५-३० हे आकडे कुणीतरी सांगितलेले असतातच. आज शिकलेलं सूत्र उद्या आठवून बघायचं, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या. आकडे चांगले आहेत. त्यावर वाद घालत बसू नका. १-४-९ केलंत तरी फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्याच आकड्यामुळे, आणि तो कुणी सांगत नाही: एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर अशी नवी कार्डं रोज किती करायची.

मी याच खड्ड्यात पडले होते, म्हणून हा भाग जरा जास्तच सविस्तर लिहिते. समजा, रोज २० नवी कार्डं करताय. दुसऱ्या दिवशी उजळणीला २० कार्डं येतात. दहा मिनिटांत संपतात, आपण खूश. चौथ्या दिवसापासून ४० होतात, कारण एका दिवसापूर्वीची आणि तीन दिवसांपूर्वीची एकत्र येतात. आठव्या दिवसापासून ६०, सोळाव्यापासून ८० आणि एकतिसाव्यापासून रोज १००. विसरलेली कार्डं यात धरलेलीच नाहीत, ती वर. म्हणजे पहिल्या आठवड्यात जो आकडा सोपा वाटला, त्याची उधारी महिन्याभराने वसूल होते.

आता वेळ मोजा. क्रोमियमचं इलेक्ट्रॉन विन्यास (3d5 4s1) आठवायला आठ-दहा सेकंद लागतात. सूत्राला मात्र पेन हातात घेऊन लिहायला अर्धा मिनिट लागतोच. निम्मी तथ्यं, निम्मी सूत्रं अशी १०० कार्डं धरली तर तेहेतीस मिनिटं होतात. सकाळचा अर्धा तास ठरवला असेल तर तिसऱ्या आठवड्यातच तो फुटायला लागतो. मग उजळणी क्लासच्या आधीच्या वेळेत घुसते, तिथून जेवणाच्या वेळेत, आणि एके दिवशी आख्खा ढीगच बाजूला पडतो. दोष आळसाचा नसतो, गुणाकाराचा असतो.

म्हणून उलटं मोजा. अर्धा तास म्हणजे १८०० सेकंद. सरासरी २० सेकंदांनी ९० कार्डं. त्यातली एक तृतीयांश जागा विसरलेल्या कार्डांसाठी आणि चुकलेल्या दिवसांसाठी मोकळी सोडा. उरली ६०. प्रत्येक कार्ड पाच वेळा येणार, म्हणून ६० भागिले ५. रोज १२ नवी कार्डं, बस्स. कमी वाटतात ना? वाटू द्या. अँकी ॲप वापरत असाल तर तिथे New cards/day हा आकडा मुळात २० असतो. तो हाताने १२ करा. नवी कार्डं लिहिण्याचं काम या अर्ध्या तासात धरलेलं नाही. ते संध्याकाळी, त्या धड्याची उदाहरणं सोडवून झाल्यावर. न सोडवलेल्या धड्याचं कार्ड करूच नका.

आकड्यांत एक छोटा बदल मात्र जरूर करा: १५ ऐवजी १४ आणि ३० ऐवजी २८. मग ७, १४ आणि २८ तिन्ही त्याच वारी येतात. मंगळवारचं कार्ड मंगळवारीच परत येणार, तारखांची वही ठेवायला नको. बुटाच्या खोक्यात सात वारांचे कप्पे करा आणि कार्डाच्या कोपऱ्यात पुढची तारीख पेन्सिलने लिहा. रविवारी नवं कार्ड करायचं नाही. मग रविवारी फक्त शनिवारची १२ आणि गुरुवारची १२, अशी २४ उरतात. सोमवारी आणि बुधवारी ४८, बाकी दिवशी ६०. रविवारची मोकळी जागा ज्यांनी एकदा तरी दगा दिला आणि २८ दिवसांचा टप्पा ओलांडला, त्या जुन्या कार्डांसाठी. जुलैत केलेलं कार्ड एप्रिलपर्यंत टिकवायचं तर महिन्याच्या पुढचीही एखादी भेट लागते.

सूत्राच्या कार्डावर नुसतं सूत्र विचारलंत तर ते पाठ होईल आणि तरीही उदाहरण चुकेल. धारित्राची ऊर्जा घ्या. ½CV² कुणालाही येतं. पण k स्थिरांकाचं पराविद्युत आत सरकवल्यावर ऊर्जेचं काय होतं? बॅटरी जोडलेली असेल तर V तोच राहतो, C k पट होतो, ऊर्जाही k पट. बॅटरी काढून घेतली असेल तर Q तोच राहतो, मग Q²/2C वापरायचं आणि ऊर्जा k पटीने कमी होते. सूत्र येऊनही निम्मी मुलं इथेच अडखळतात. म्हणून एका कार्डाची दोन करा, एक बॅटरी जोडलेली आणि एक काढलेली, आणि प्रश्नातच परिस्थिती लिहा. ही दोन एकाच दिवशी सुरू करू नका. नाहीतर ती कायम पाठोपाठ येतात आणि आपण भौतिकशास्त्र न आठवता ‘मघाशी k होतं, म्हणजे आता १/k’ असं म्हणतो. भरीव गोल २/५ आणि पोकळ गोल २/३, यांचंही तेच. दिवसाचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून घ्या.

सीनियरचा तयार गठ्ठा घेऊ नका, कितीही प्रेमाने दिला तरी. त्यातली निम्मी कार्डं त्याच्या चुकांवर बेतलेली असतात, तुमच्या नाही. भिंतीवर चिकटवलेल्या सूत्रांच्या तक्त्याबद्दलही माझं मत वाईट आहे. रोज दिसतो म्हणून तो येतो असं वाटतं. झाकून आठवल्याशिवाय उजळणी झाली असं धरायचं नाही. सीईटीत भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यामुळे अर्ध्या मिनिटात न आलेलं सूत्र ‘आलं’ म्हणून पुढे ढकलू नका. चुकलेलं कार्ड उद्याच्या कप्प्यात, पुन्हा १ पासून. तीनदा तिथेच परतलेलं कार्ड फाडून टाका. तो विषय समजलेलाच नसतो. चार-पाच उदाहरणं सोडवा आणि मग नव्या शब्दांत लिहा.

ताप आला, घरी लग्न निघालं, चार दिवस गेले. घाबरू नका, पण सव्वादोनशे कार्डं एका बैठकीत उरकायलाही जाऊ नका. नवी कार्डं बंद करा. अर्ध्या तासात आधी १ आणि ३ दिवसांची घ्या, कारण ताजं शिकलेलंच सर्वांत लवकर उडतं. २८ दिवसांचं कार्ड बत्तिसाव्या दिवशी आलं तर काही अडत नाही. नवी भर थांबली की आठवडा-दीड आठवड्यात ढीग आपोआप उतरतो. दोन आठवड्यांनीही उतरला नाही, तर १२ चे ९ करा.

आणि परीक्षेच्या तारखेवरून मागे २८ दिवस मोजून तिथे कॅलेंडरवर रेघ मारा. त्यानंतर शिकलेल्या कार्डाच्या पाचही फेऱ्या परीक्षेआधी होत नाहीत. रेघेनंतर नवं कार्ड नाही. रोजचा अर्धा तास तोच, पण भार हळूहळू हलका होत जाईल. मोकळी होणारी मिनिटं मॉक टेस्टमध्ये चुकलेल्या सूत्रांना द्या.