बाळाला जुलाब लागलेत: जलसंजीवनी कशी करायची, कशी पाजायची आणि दवाखाना कधी गाठायचा

जलसंजीवनीने, म्हणजे ओआरएसने, जुलाब थांबत नाहीत. हे आधीच सांगते, कारण दोन वाट्या पाजूनही शी पातळच होते म्हणून अनेक जणी ती अर्ध्यावर सोडतात. जुलाब बहुधा काही दिवसांत आपोआप कमी होतात. तोवर अंगातून जाणारं पाणी आणि मीठ परत अंगात घालणं एवढंच हिचं काम. आतडं मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र आली की दोन्ही ओढून घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत येतं. म्हणून सगळी गोम मापात आहे.

आधी हात साबणाने धुवा. पाणी उकळून पूर्ण गार करून घ्या. मग पुडीवर काय छापलंय ते वाचा, किंवा कुणाकडून वाचून घ्या. मोठी पुडी 1 लिटर पाण्याची असते, छोटी 200 मिलीची. सर्वांत जास्त चूक इथेच होते: मोठी पुडी थोडी थोडी करून पेल्यात टाकली जाते. तसं केलं की कधी मीठ जास्त पडतं, कधी कमी. मीठ जास्त झालं तर बाळाला झटकेसुद्धा येऊ शकतात. पुडी फोडली की पूर्ण रिकामी करायची आणि पाणीही पूर्ण मोजून घ्यायचं. लिटरची बाटली असेल तर तीच माप. वर साखर, दूध, सरबत काही घालू नका. कालवल्यावर उकळू नका. झाकून ठेवा आणि 24 तासांनी उरलेलं फेकून द्या.

पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, 5 मिलीचा, आणि शीग बोटाने उतरवलेली. साखर हात सैल सोडून घातली तर ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. पाजण्याआधी स्वतः चाखा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून टाका, पुन्हा करा. ही सोय पुडी मिळेपर्यंतचीच.

बाळ तरतरीत असेल तर दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली द्या, मोठ्या मुलाला 100 ते 200 मिली. अंगावरचं दूध सुरूच ठेवा, खाणारं मूल असेल तर खाणंही.

आता समजा 8 किलोचं बाळ आहे. डोळे जरा खोल गेलेत, चिडचिड करतंय, वाटी दिसली की झडप घालतंय. अंगातलं पाणी कमी झालंय. अशा बाळाला आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरला दाखवाच, आणि पाजणं लगेच सुरू करा. किलोमागे 75 मिली, म्हणजे चार तासांत 600 मिली लागेल. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण तासाला 150 मिली म्हणजे 30 चमचे, दर दोन मिनिटांना एक चमचा. मांडीवर जरा उभं धरून पाजा. बाटलीने घटाघट दिलं की उलटी होते. झालीच तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याने, आणखी सावकाश सुरू करा.

झिंकच्या गोळ्या मिळाल्या असतील तर जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस द्या. जुलाब बंद करणारं औषध मात्र मनाने देऊ नका. लहान मुलांत ते धोक्याचं ठरतं.

चार तासांनी पुन्हा नीट बघा. बेंबी आणि कुशीच्या मधल्या जागी पोटाची कातडी उभ्या रेषेत चिमटीत धरा, क्षणभराने सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. हळूहळू बसली तर पाणी अजून कमी आहे. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर थांबू नका, निघा.

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तरी चार तास वाट पाहायची नाही: बाळ सुस्त पडलंय, हाक मारली तरी नीट जागं होत नाही, पीत नाही किंवा प्यायलेलं सगळंच उलटून टाकतं, शीत रक्त आहे, झटके आले, सहा तासांत लघवी नाही, रडतं पण अश्रू येत नाहीत, टाळू खोल गेली, जोराचा ताप आहे. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर जुलाब लागताच दाखवा.

निघताना कालवलेली बाटली आणि चमचा बरोबर घ्या. बाळ जागं असेल आणि गिळत असेल तर वाटेतही चमचा-चमचा पाजत राहा. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. डॉक्टरांना सांगायला तीन गोष्टी लक्षात ठेवा: शी किती वेळा झाली, शेवटची लघवी कधी झाली आणि आतापर्यंत किती पाजलं.