हिरव्या चपलेवरून रेव्हनचा रंग कळतो का? या कोड्यातल्या चुका टाळा

तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेलने १९४५ मध्ये मांडलेलं हे कोडं आहे. रेव्हन हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. "सगळे रेव्हन काळे असतात" हे तपासायचंय. काळा रेव्हन दिसला की या वाक्याला थोडा आधार मिळाला असं आपण म्हणतो, बरोबर? आता हेच वाक्य "जे काळं नाही ते रेव्हन नाही" असंही म्हणता येतं, अर्थ तोच. मग दारातली हिरवी चप्पल काळी नाही आणि रेव्हनही नाही, म्हणजे तिनेही आधार दिला की! मला स्वतःला हे पटायला बरेच दिवस लागले, म्हणून लोक नेमके कुठे अडकतात ते लिहितोय.

(रेव्हन म्हणजे आपला गावकावळा नाही हं, त्याची मान राखाडी असते त्यामुळे आपल्याकडे हे वाक्य पहिल्याच दिवशी खोटं पडेल. रेव्हन डोमकावळ्यासारखा दिसतो पण अजून मोठा.)

पहिली चूक, वाक्य चुकीचं उलटवणं. "सगळे रेव्हन काळे" उलटवून "सगळं काळं ते रेव्हन" होत नाही, तसं असतं तर कोळसाही रेव्हन झाला असता. दोन्ही बाजूंना "नाही" लावायचं आणि मग जागा बदलायच्या, तरच अर्थ तोच राहतो. खात्री करायची असेल तर स्वतःला विचारा, कुठली वस्तू सापडली तर हे वाक्य खोटं ठरेल? दोन्ही रूपांना खोटं पाडणारी वस्तू एकच आहे, काळा नसलेला रेव्हन. म्हणून "चपलेचा काय संबंध, हा नुसता शब्दांचा खेळ" असं म्हणून सुटता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे आधार आहे म्हटल्यावर तो सारखाच असणार असं धरून चालणं. इथे आकडे टाकून बघितलं की डोकं एकदम शांत होतं. समजा एका बेटावर १०० रेव्हन आहेत आणि काळ्या नसलेल्या इतर वस्तू १ लाख. दोनच शक्यता धरू, एक तर सगळे रेव्हन काळे, किंवा १०० पैकी १० पांढरे, आणि सुरुवातीला दोन्हींवर आपला विश्वास निम्मा निम्मा. आता एक रेव्हन चिठ्ठी टाकून निवडला आणि तो काळा निघाला. पहिल्या शक्यतेत हे १०० टक्के घडणारच होतं, दुसरीत ९० टक्के, त्यामुळे "सगळे काळे" वरचा विश्वास ५० वरून साधारण ५२.६ टक्क्यांवर जातो. याउलट काळ्या नसलेल्या वस्तूंतून एक चिठ्ठीने निवडली आणि ती चप्पल निघाली तर? दुसऱ्या शक्यतेतही १,००,०१० पैकी १,००,००० वेळा रेव्हन नसलेलंच काहीतरी हाती येणार होतं, म्हणून विश्वास ५०.००२५ टक्के होतो, बस्स. म्हणजे आधार शून्य नाही, पण इतका बारीक की मनाला तो शून्यच वाटतो, आणि कोडं विचित्र वाटण्याचं मोठं कारण हेच आहे.

आता तिसरी चूक, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण चांगले वाचलेले लोकही ती करतात: वस्तू कशी निवडली हे विचारतच नाहीत. वरचा बारीक आधार मिळाला कारण चिठ्ठी काळ्या नसलेल्या सगळ्या वस्तूंतून काढली होती आणि त्यात पांढरा रेव्हन निघायची संधी होती. पण तुम्ही चपलांच्या कपाटातूनच चप्पल काढून रंग बघितलात तर? ती रेव्हन निघणं शक्यच नव्हतं, म्हणून आधार खरोखर शून्य. वस्तू तीच, रंग तोच, पण पुरावा वेगळा! म्हणून घरबसल्या रेव्हनचा अभ्यास होत नाही.

हे काळ्या रेव्हनलाही लागू होतं. संख्याशास्त्रज्ञ आय. जे. गुड यांनी १९६७ मध्ये कावळे घेऊन दाखवलं ते बघा. एका जगात १०० काळे कावळे आणि इतर १० लाख पक्षी, एकही पांढरा कावळा नाही. दुसऱ्या जगात १००० काळे कावळे, १ पांढरा, आणि तेच १० लाख पक्षी. सगळ्या पक्ष्यांतून एक निवडला आणि काळा कावळा निघाला, तर हे दुसऱ्या जगात जवळपास दहापट जास्त शक्य आहे, म्हणजे काळा कावळा दिसूनही "सगळे काळे" वरचा विश्वास कमी झाला.

आणि खऱ्या रेव्हनचं म्हणाल तर उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर काळेपांढरे रेव्हन होते, ते विसाव्या शतकात नाहीसे झाले. ते कळले रेव्हन बघणाऱ्यांना, कारण पांढरं पीस दिसण्याची संधी तिथेच होती.